तीन खून, एक आरोपी आणि शिक्षेचा प्रश्न

प्रश्न : सर, मी निपाणीजवळच्या गावातली आहे, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. पेपरात हे प्रकरण होतं : 23 वर्षांचा तरुण, वडील वारलेले, दोन एकर जमिनीच्या वाटणीवरून काकांशी वाद. दोन दिवस आधी भांडणात ‘बघून घेतो’ म्हणाला. रात्री दोन वाजता घरातला कोयता घेऊन गेला. काका, काकू आणि जागा झालेला त्यांचा 7 वर्षांचा मुलगा, तिघांना मारलं. पहाटे स्वतःच पोलीस ठाण्यात गेला. पूर्वीचा गुन्हा नाही. सत्र न्यायालयाने दोषी ठरवून त्याच दिवशी फाशीची शिक्षा सुनावली. कारण ‘अत्यंत क्रूर कृत्य, समाज हादरला’. ‘उच्च न्यायालय म्हणून शिक्षा ठरवा आणि फाशीवर मर्यादा का, ते सांगा.’ मी सहा अ‍ॅग्रव्हेटिंग, म्हणजे गुन्हा जास्त गंभीर ठरवणारे, आणि चार मिटिगेटिंग, म्हणजे शिक्षा सौम्य करायला लावणारे मुद्दे लिहिले, सहा जास्त म्हणून फाशी कायम केली. मर्यादेच्या भागात मानवी हक्क लिहिले. 20 पैकी 7 मिळाले. कुठे चुकलं?

उत्तर : मुद्दे बहुतेक बरोबरच असणार. गडबड सुरुवातीलाच झाली. तुम्ही रिकामी तागडी हातात घेतली, दोन्ही पारड्यांत वजनं टाकली आणि काटा कुठे झुकतो ते पाहिलं. कायद्याने ही तागडी आधीच एका बाजूला झुकवून ठेवली आहे, आणि परीक्षकाला नेमकं तेच तुमच्याकडून हवं होतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 103(1) मध्ये खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप अशा दोन शिक्षा आहेत. नुसतं हे कलम वाचलं तर दोन्ही सारख्याच अंतरावर दिसतात. पण सोबत नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 393(3) वाचायचं असतं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 354(3). जन्मठेप दिली तर कारणं लिहा, आणि मृत्युदंड दिला तर ‘विशेष कारणं’ लिहा, असं ते सांगतं. याचा अर्थ जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. म्हणून ‘कोणती बाजू जड?’ हा प्रश्नच इथे लागू पडत नाही. विचारायचं ते असं : या माणसासाठी जन्मठेपेचा रस्ता पूर्णपणे बंद झाला आहे का? बच्चन सिंग खटल्यात 1980 साली घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने मृत्युदंड घटनात्मक ठरवला, पण तो याच अटीवर. पर्यायी शिक्षेचा मार्ग निःसंशय बंद झाला असेल अशा दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच, अन्यथा नाही.

हा झुकाव कुठून आला, ते दोन ओळींत लिहिलंत तर उत्तराला पाया मिळतो. 1898 च्या संहितेत उलटा प्रकार होता. खुनाला फाशी न देता दुसरी शिक्षा दिली, तर न्यायाधीशाला त्याचं कारण द्यावं लागे. 1955 च्या दुरुस्तीने ती अट काढली आणि दोन्ही शिक्षा एका पातळीवर आल्या. 1973 च्या संहितेने झुकाव पूर्ण उलटा केला. वीसेक वर्षांत संसदेनेच फाशीला नियमाच्या जागेवरून उठवून अपवादाच्या जागी बसवलं. म्हणून फाशीवरची मर्यादा ही न्यायाधीशांची मेहरबानी नव्हे, कायदेमंडळाने ठरवलेली दिशा आहे.

आता सहा वजा चार. ही बेरीज-वजाबाकी मी शिकवायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडते, कारण ‘बॅलन्स शीट’ हा शब्द माच्छी सिंग (1983) निकालात आहे आणि गाइडमध्ये तेवढाच ठळक छापलेला असतो. पण संगीत विरुद्ध हरियाणा (2012) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर बोट ठेवलं. अ‍ॅग्रव्हेटिंग गोष्टी बहुतेक करून गुन्ह्याच्या असतात आणि मिटिगेटिंग गोष्टी बहुतेक करून माणसाच्या. त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत, एकीतून दुसरी वजा करता येत नाही. ‘मुलाला मारलं’ वजा ‘वय 23’ म्हणजे किती? मुळात माच्छी सिंगमध्येही वजाबाकी सांगितलेली नाही. मिटिगेटिंग बाजूला जास्तीत जास्त झुकतं माप दिल्यावरही फाशीशिवाय पर्याय उरतो का, असा त्यातला शेवटचा प्रश्न आहे. विद्यार्थी त्यातल्या पाच वर्गवाऱ्या पाठ करतात : खुनाची पद्धत, हेतू, समाजविघातक स्वरूप, व्याप्ती, बळी पडलेली व्यक्ती. आणि हा प्रश्न मागेच राहतो.

म्हणून आधी गुन्ह्याकडे बघू, मग माणसाकडे.

गुन्ह्याच्या बाजूला तुमच्या सहा मुद्द्यांत बहुधा हे असतील : तीन खून, लहान मूल, नातेवाईक, रात्रीची वेळ, क्रूरता आणि पूर्वनियोजन. यात एकच गोष्ट दोनदा मोजली जात नाही ना, ते तपासा. खून हा क्रूरच असतो. निर्दय खून आणि सौम्य खून अशी सरळ विभागणी कायद्यात नाही. ‘क्रूर’ असं लिहायचं तर साध्या खुनापेक्षा वेगळं काय घडलं, ते दाखवावं लागतं. ते विशेषणात सापडत नाही, शवविच्छेदन अहवालात सापडतं. काकांच्या अंगावर किती वार आहेत, बेशुद्ध पडल्यावरही वार चालू होते का, मुलाच्या मानेवर एकच वार आहे की हातांवर बचावाच्या जखमाही आहेत, हे बघायचं. पेपरात हे दिलेलं नाही. तेव्हा ‘दिलेल्या तथ्यांत कोयत्याने मारण्यापलीकडे छळ केल्याचा पुरावा दिसत नाही’ असं स्पष्ट लिहायचं. तथ्य नसेल तिथे विशेषणाने जागा भरायची नाही. पंछी विरुद्ध उत्तर प्रदेश (1998) मध्ये एका घरातल्या चौघांचे खून झाले होते. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती क्रूरता हा फाशीचा एकमेव आधार होऊ शकत नाही, आणि शिक्षा जन्मठेपेवर आणली.

पूर्वनियोजनाचं तसंच. ‘बघून घेतो’ हे वाक्य आमच्याकडे बांधावरच्या प्रत्येक भांडणात निघतं. दोन दिवसांनी खून झाला म्हणून त्याचा कट होत नाही. पण रात्री दोनची वेळ निवडणं आणि कोयता सोबत नेणं, यातून काहीतरी ठरवून गेल्याचं दिसतं. कोयता नवा विकत आणलेला नाही, घरातला आहे. पळून जायची तयारी नाही. माझ्या मते हे ‘त्या रात्री ठरवलेलं’ या पातळीचं आहे, ‘आठवडे आखलेलं’ या पातळीचं नाही. असा पायरीभेद उत्तरात दिसला की परीक्षक थांबून वाचतो.

मुलाचा खून हा या प्रकरणातला सगळ्यात जड मुद्दा. तो दडवू नका, लहानही करू नका. पण दोन शक्यता मांडा : साक्षीदार उरू नये म्हणून थंड डोक्याने मारलं, की चालू असलेल्या भरात तो समोर आला? पहिली शक्यता फार गंभीर आहे. दुसरी भयंकर असली तरी जातीने वेगळी. आरोपी थोड्याच वेळात स्वतः पोलीस ठाण्यात गेला. साक्षीदार संपवून सुटायचा हेतू असलेला माणूस सहसा तसं वागत नाही, त्यामुळे दुसरी शक्यता जास्त जवळची वाटते. इथे एक बारकावा आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, पण तो स्वतःहून ठाण्यात गेला, हे त्याचं वर्तन म्हणून न्यायालयासमोर येऊ शकतं. तुम्ही ‘कबुली दिली’ असं लिहिलं असेल तर तिथेही अर्धा गुण गेला असेल.

माणसाच्या बाजूला तुम्ही वय, गरिबी, पूर्वीचा गुन्हा नसणं आणि पोलिसांत जाणं लिहिलं असेल. चारही बरोबर आहेत, पण यादी म्हणून ते कोरडे राहतात. बच्चन सिंगमध्ये बचाव पक्षाने सुचवलेली मिटिगेटिंग परिस्थितीची यादी आहे आणि न्यायालयाने ती महत्त्वाची मानली : तीव्र मानसिक वा भावनिक ताण, वय, पुन्हा हिंसा न करण्याची शक्यता, सुधारण्याची शक्यता, आपण करतो ते नैतिकदृष्ट्या योग्य अशी त्याची समजूत, दुसऱ्याचा दबाव, आणि मानसिक दोषामुळे कमी झालेली समज. मधल्या दोन गोष्टींना त्या यादीतच एक वाक्य जोडलेलं आहे : आरोपी सुधारणार नाही आणि समाजाला धोका राहील, हे सरकारने पुराव्याने दाखवायचं आहे. आरोपीने ‘मी सुधारेन’ हे सिद्ध करायचं नाही. तुमच्या उत्तरात राहून गेलेला सगळ्यात महागडा मुद्दा हा असावा. या प्रकरणात सरकारने असा एकही पुरावा दिल्याचं दिसत नाही. मग फाशीच्या बाजूला एक अख्खी पायरीच रिकामी राहते, आणि अ‍ॅग्रव्हेटिंग मुद्दे कितीही असले तरी ती भरून निघत नाही.

हे पुस्तकातून पटायला अवघड जातं, म्हणून बेळगावच्या कोर्टात शिक्षेची सुनावणी प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. निकाल वाचून होतो, दोषी. आरोपी खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला, मराठी बोलणारा. साक्षी-पुरावे कानडीत नोंदवलेले. न्यायाधीश विचारतात, शिक्षेबद्दल काय म्हणायचं आहे? बेंच क्लार्क ते त्याला मराठीत सांगतो. आत्ताच दोषी ठरलेला माणूस म्हणतो, ‘साहेब, आई म्हातारी आहे, दया करा.’ ते कानडीत एका ओळीत उतरतं. वकील उभा राहतो, वय आणि गरिबी सांगतो. सरकारी वकील म्हणतात, कृत्य अमानुष आहे, कमाल शिक्षा द्या. दुपारी शिक्षा. आता विचार करा, या माणसाच्या आयुष्याचं काय काय न्यायाधीशासमोर आलं? बाप वारल्यावर शाळा कितवीत सुटली, वाटणीचा दावा कुठल्या कोर्टात किती वर्षं पडून होता, दारू होती का, डोक्याला मार लागला होता का, कोठडीत तो कसा वागला, यातलं काहीच नाही. मिटिगेटिंग बाजू कमी भरते ती तिथे काही नसतं म्हणून नाही. ती गोळा करायला कुणालाच वेळ दिलेला नसतो.

आम्ही बचावाच्या बाजूने हे काम करतो तेव्हा ते गावोगाव फिरून होतं. मराठी शाळेतून दाखला काढायचा, त्याचं भाषांतर करून घ्यायचं, तलाठ्याकडून जमिनीचे उतारे आणायचे, आईचं आणि मास्तरांचं म्हणणं शपथपत्रावर घ्यायचं. हिंडलगा कारागृहाकडून वर्तणुकीचा अहवाल मागायचा. इथे एक सवय लावून घ्या. ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढाच शेरा असलेला अहवाल पुरेसा नसतो. कोणत्या कामावर लावलं होतं, रोज जात होता का, शिक्षा झालेल्या नोंदी आहेत का, शिक्षणाला बसला का, आजारासाठी कुठे पाठवलं होतं, हे मागावं लागतं. एका ओळीच्या शेऱ्यावर कुठलंही कोर्ट सुधारण्याची शक्यता ठरवू शकत नाही, आणि ठरवू नये.

म्हणूनच ‘त्याच दिवशी शिक्षा’ हा तुमच्या पेपरातला कळीचा धागा होता. परीक्षकाने तो मुद्दाम घातलेला दिसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 258(2) प्रमाणे शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. ही औपचारिकता नाही, हे संता सिंग (1976) पासून स्पष्ट आहे. अल्लाउद्दीन मियाँ (1989) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवल्यावर सुनावणी पुढच्या तारखेला ठेवण्याचा सल्ला दिला. मात्र ‘त्याच दिवशी शिक्षा झाली म्हणजे ती रद्दच’ असं सरसकट लिहू नका. यावर निकाल एकसारखे नाहीत, अर्थपूर्ण संधी मिळाली का यावर बरंच अवलंबून असतं, आणि याच विसंगतीमुळे सप्टेंबर 2022 मध्ये हा विषय मोठ्या घटनापीठाकडे पाठवला गेला. तुमच्या प्रकरणात संधीचा मागमूसही नाही, एवढं ठामपणे लिहिता येतं. त्याआधी मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालाने सरकारला सांगितलं होतं की आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक आणि आर्थिक पार्श्वभूमी, कारागृहातलं वर्तन ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयासमोर ठेवा. सत्र न्यायालयाने यातलं काहीच मागवलं नाही. उच्च न्यायालयाच्या भूमिकेतून तुम्ही हे अहवाल मागवू शकला असता. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही (कलम 407). बेळगावचं असं प्रकरण धारवाड खंडपीठाकडे जातं. आणि पुढची चौकशी करण्याचा किंवा जादा पुरावा घेण्याचा अधिकार त्या टप्प्यावर उच्च न्यायालयाला आहे (कलम 408). ‘आधी अहवाल मागवतो, मग ठरवतो’ असं लिहिणारा विद्यार्थी मला फार क्वचित दिसतो.

आता तुमच्या डोक्यात घोळत असणारी शंका. तीन खून, त्यात एक मूल, आणि हा माणूस चौदा वर्षांनी सुटून गावात फिरणार? हा प्रश्न खोटा नाही. आणि त्याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून आलं. स्वामी श्रद्धानंद विरुद्ध कर्नाटक हे बेंगळुरूचं प्रकरण, पत्नीला जिवंत पुरल्याचं. 2008 साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने नेमकी हीच अडचण मांडली. साधी जन्मठेप प्रत्यक्षात चौदा वर्षांवर येऊन थांबते असं वाटलं, तर ती अपुरी म्हणून न्यायाधीश फाशीकडे ढकलला जातो. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला : जन्मठेप, पण ठरावीक वर्षांपर्यंत किंवा नैसर्गिक मरणापर्यंत सवलत, म्हणजे मुदतीआधी सुटका, नाही. श्रद्धानंदला आयुष्यभराची दिली. श्रीहरन (2015) मध्ये घटनापीठाने हा मार्ग मान्य केला. हा मार्ग हाताशी असताना ‘जन्मठेप अपुरी’ हे कारण फाशीसाठी जवळजवळ उरत नाही. 25 किंवा 30 वर्षं सवलत न देता ठेवता येत असेल, तर पर्याय बंद झाला असं कसं म्हणणार?

मर्यादेमागचं तत्त्व या भागात तुम्ही ‘मानवी हक्क’ लिहिलंत. शब्द बरोबर आहे, पण त्यात तर्क नाही. मी एक प्रकरण उलगडून सांगतो, त्यातून तर्क आपोआप निघेल. हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, 1982. एका कुटुंबातल्या चार जणांच्या खुनात जीता सिंग, कश्मीरा सिंग आणि हरबन्स सिंग या तिघांना फाशीची शिक्षा झाली. तिघांची भूमिका सारखीच होती. पण तिघांच्या याचिका वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांसमोर गेल्या. जीता सिंगची 1976 मध्ये फेटाळली गेली. कश्मीरा सिंगची शिक्षा 1977 मध्ये जन्मठेपेवर आली. हरबन्स सिंगची 1978 मध्ये फेटाळली. ऑक्टोबर 1981 मध्ये जीता सिंगला फाशी दिली गेली. हरबन्स सिंगने मात्र शेवटच्या क्षणी पुन्हा याचिका केली, आणि कश्मीरा सिंगला मिळालेली सवलत उघड झाली. न्यायालयाने त्याची शिक्षा बदलण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. गुन्हा एक, भूमिका सारखी. तिघांचं नशीब ठरलं ते तारखेवर आणि पीठावर.

फाशीवर मर्यादा का, याचं उत्तर इथून निघतं. दुसऱ्या कुठल्याही शिक्षेत अशी विसंगती झाली तर नंतर सुधारता येते, सवलत देता येते, तुरुंगातून सोडता येतं. फाशीत सुधारायला माणूसच उरत नाही. बच्चन सिंगमधले एकटे विरोधी न्यायाधीश, न्या. भगवती यांचा मुख्य आक्षेप हाच होता : स्पष्ट मापदंड नसेल तर जगणं-मरणं कुठल्या पीठासमोर प्रकरण गेलं यावर ठरतं, आणि ते समानतेच्या कलम 14 ला आणि जीविताच्या कलम 21 ला धरून नाही. बहुमताने ते पूर्ण मानलं नाही, पण धोका मानला, आणि म्हणून अपवादाची अट घातली. कलम 21 सांगतं की न्याय्य, वाजवी प्रक्रियेशिवाय जीव घेता येणार नाही. शिक्षेची अर्ध्या तासाची सुनावणी ही तशी प्रक्रिया नाही, म्हणून माणसाबद्दलची माहिती मागवणं आणि विशेष कारणं लिहिणं या अटी त्याच कलमातून येतात.

याच्यासोबत रावजी प्रकरण एका वाक्यात जोडा. राजस्थानच्या या प्रकरणात डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही. 1996 मध्ये रावजीला फाशी दिली गेली. 2009 मध्ये बारियार विरुद्ध महाराष्ट्र निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की रावजीचा तो दृष्टिकोन बच्चन सिंगच्या विरुद्ध होता. दुरुस्ती झाली, पण रावजीपर्यंत ती पोचू शकत नव्हती. तुमच्या पेपरातल्या सत्र न्यायाधीशाने ‘क्रूर कृत्य, समाज हादरला’ असं म्हणून नेमका रावजीचा रस्ता धरला : गुन्हा पाहिला, माणूस पाहिलाच नाही. दोन्ही भाग असे एकमेकांत विणले तर उत्तर दोन तुकड्यांचं वाटत नाही.

धाक बसतो का, हा वाद इथे एखाद्या वाक्यापेक्षा जास्त ताणू नका. 2015 मध्ये विधी आयोगाच्या 262 व्या अहवालाने दहशतवादी गुन्हे आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली, एवढी नोंद पुरे. ती शिफारस कायदा झालेली नाही. आणि ‘समाज हादरला’ हे कारण फार जपून वापरा. इथे सीमाभागात एखादी घटना मराठी-कानडी दोन्ही पेपरांत पहिल्या पानावर आली की गावात मोर्चा निघतो, बंद होतो. त्यातून लोकांची वेदना कळते. आरोपी सुधारेल की नाही, ते त्यातून कळत नाही.

एक गोष्ट अजिबात लिहू नका. हिंडलग्याचं नाव निघालं की मुलं वीरप्पनच्या साथीदारांकडे आणि शत्रुघ्न चौहान (2014) निकालाकडे धावतात. सायमन, ज्ञानप्रकाशम, मादय्या आणि बिलावेंद्रन हे चौघे हिंडलग्यात होते हे खरं, आणि त्यांची फाशी रद्द झाली हेही खरं. पण ती दया अर्जावरच्या दिरंगाईमुळे. तो शिक्षा कायम झाल्यानंतरचा टप्पा. तुमच्या प्रश्नात शिक्षा अजून ठरायची आहे.

माझं उत्तर असं असतं : मुलाचा खून हा गंभीर अ‍ॅग्रव्हेटिंग घटक, पण वय 23, पूर्वगुन्हा नाही, कौटुंबिक वादाचा ताण, स्वतःहून हजर होणं, आणि सुधारणार नाही याचा सरकारचा पुरावा शून्य. जन्मठेपेचा मार्ग बंद झालेला नाही. अहवाल मागवून, त्यात उलटं काही निघालं नाही तर फाशी रद्द करून 25 वर्षं सवलत न देता जन्मठेप. काही वकील-मित्र 30 म्हणतील, मुलाच्या मुद्द्यावर. त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण तथ्यं बदलली तर माझं मतही बदलेल. आधी अशाच खुनात शिक्षा होऊन सुटल्यावर त्याने हे केलं असतं (बच्चन सिंगची स्वतःची पार्श्वभूमी तशी होती, पत्नीच्या खुनात त्याला आधी शिक्षा झाली होती), किंवा कारागृहातही त्याने दुसऱ्या कैद्यांवर हल्ले केले असते, तर सुधारण्याचा मुद्दा बराच पातळ झाला असता. त्याच्यावर दुसरे खटले फक्त चालू आहेत, एवढं मात्र पूर्वगुन्हा म्हणून धरू नका. राजेंद्र प्रल्हादराव वासनिक प्रकरणात 2018 साली पुनर्विलोकनात न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

पुढच्या पेपरात हेच प्रकरण ‘सत्र न्यायाधीश म्हणून शिक्षा द्या’ असं आलं, तर उत्तराचा शेवट वेगळा होईल. 25 वर्षं सवलत न देण्याची जन्मठेप श्रीहरनप्रमाणे फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं, सत्र न्यायालय नाही. सत्र न्यायाधीशासमोर साधी जन्मठेप आणि फाशी हे दोनच पर्याय राहतात. मग निर्णयाआधी सुनावणी तहकूब करून कारागृह अधीक्षकांचा आणि प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अहवाल मागवल्याचं लिहायचं. अहवालांत सुधारण्याच्या शक्यतेविरुद्ध काही नसेल तर साधी जन्मठेप द्यायची, आणि सवलतीचा प्रश्न सरकारवर आणि वरच्या न्यायालयावर सोडायचा. ‘साधी जन्मठेप कमी पडते’ म्हणून त्या पातळीवर फाशीकडे जायचं नाही.